‘आता तुम्हीही’ मधला तो ‘ही’

मागच्या जून महिन्यात पेपरमधून एक पॅम्प्लेट घरी आलं. गुलाबी कागद, डावीकडे पदर खोचलेली बाई, उजवीकडे तीच बाई ब्लेझर घालून, मधे एक मोठा बाण. खाली लिहिलेलं, ‘गृहिणींनो, आता तुम्हीही बोला फाडफाड इंग्रजी! मुलांसमोर, मिस्टरांच्या पार्टीत लाज वाटते? फक्त ३० दिवसांत आत्मविश्वास! नोकरीची १०० टक्के हमी.’ मी ते फेकणार होते पण त्याच आठवड्यात माझी मैत्रीण, तिचा नागपुरात त्रिमूर्तीनगरला स्पोकन इंग्लिशचा छोटा क्लास आहे, मला म्हणाली की तू माझ्याकडे एवढी वर्षं शिकवते, या वेळी जाहिरात तूच लिही, करिअर परत सुरू करणाऱ्या बायकांसाठी बॅच काढू. अन् वर हेही म्हणाली की त्या गुलाबी पॅम्प्लेटवाल्याकडे फोनवर फोन येऊन राहिले बाप्पा, तसंच काहीतरी लिही.

तसंच काही मी लिहिलं नाही, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि त्या वादात मला जे सुचलं ते इथे मांडते.

आधी तो ‘ही’ घ्या. ‘आता तुम्हीही बोलाल.’ डॉक्टरांना कोणी म्हणत नाही की आता तुम्हीही एक्सरे वाचाल. ‘ही’ आला की समजायचं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात समोरची बाई रांगेत शेवटी उभी आहे. ‘सोप्या भाषेत’, ‘अगदी एबीसीडीपासून’, ‘घरकाम सांभाळून’ हे सगळं त्याच घरचं. आणि याच्या उलटं टोक तेवढंच वाईट, की ‘तुम्ही तर घराच्या सीईओ आहात, मॅनेजमेंट तुम्हाला कोण शिकवणार!’ हे वाचून बाई क्षणभर सुखावते पण इंटरव्ह्यू घेणारा माणूस तिला सीईओ म्हणून पगार देत नाही. त्यातून तिला कळत काहीच नाही की या क्लासमध्ये बसून मला नेमकं काय येणार आहे.

आणि आपल्या नागपूरच्या बाईला भाषेची भीती आहे हे कोणी ठरवलं? १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठी दोन्ही इथल्या अंगात मुरलेल्या. घरी मराठी, भाजीवाल्याशी ‘भैया, कैसे दिये’, शेजारच्या भाभीशी हिंदी, सासरकडच्या गावी गेलं की ‘मले-तुले’. एका सकाळी तीनदा भाषा बदलणाऱ्या बाईला तुम्ही सांगता की तुला भाषेचा आत्मविश्वास देतो. तिला इंग्रजी वाचता येतं, मेसेज समजतात, मुलाच्या शाळेचं सर्क्युलर तीच वाचते. अडतं ते तोंडातून वाक्य वेळेवर बाहेर पडण्यात. म्हणजे तिची गरज सरावाची आहे, आणि सराव मिनिटांत मोजता येतो.

तर मी मैत्रिणीसमोर त्या ३० दिवसांचा हिशोब मांडला. रविवार सोडून २६ क्लास, रोज एक तास, एका बॅचमध्ये २० बायका. शिकवणारी अर्धा तास तरी बोलते, आम्ही सगळ्या बोलतो, शिक्षकांची ती सवय आहे. उरला अर्धा तास, वाटा २० जणींत. एकीच्या वाट्याला दीड मिनिट. २६ दिवसांचे झाले ३९ मिनिटं. म्हणजे महिनाभर फी भरून बाई पाऊण तासही इंग्रजी बोलत नाही, बाकी वेळ ऐकते आणि वहीत टेन्सचा तक्ता उतरवते. तेच आठ जणींची बॅच करा, दीड तासाचा क्लास, त्यातला एक तास जोड्या लावून बोलायचा, तर प्रत्येकीला रोज अर्धा तास. तिला ते ३९ मिनिटं दुसऱ्या दिवशीच भरून निघतात. माझ्या मते स्पोकनच्या जाहिरातीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, बॅचमध्ये किती जणी आणि प्रत्येकीला बोलायला किती वेळ. तोच कोणी छापत नाही.

आता ३० दिवसांत ‘फाडफाड’. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत, ए वन पासून सी टू पर्यंत, जगभर त्याच वापरतात. त्यातली ए टू म्हणजे रोजच्या साध्या गोष्टी बोलता येणं, बी वन म्हणजे कामाच्या ठिकाणी आपलं आपण निभावणं. केंब्रिजच्या परीक्षावाल्यांचा अंदाज असा आहे की ए टू ला साधारण १८० ते २०० तासांचं शिकणं लागतं आणि बी वन ला ३५० ते ४००. म्हणजे एका पायरीला दीडशे-दोनशे तास, आणि पॅम्प्लेटवाला देतो २६. आमचा १२ आठवड्यांचा कोर्स धरला, आठवड्याला पाच दिवस, दीड तास, तरी ९० तास होतात, पूर्ण पायरी आम्हीपण चढवत नाही. मग आम्ही काय विकतोय? हा प्रश्न मी तिला विचारला, ती म्हणाली तू माझा धंदा बसवतेस. मी म्हटलं नाही गं, याचं उत्तर आहे, अन् ते आपल्या मागच्याच बॅचमध्ये बसलेलं होतं.

त्या बॅचमध्ये एक ताई होत्या, वय ४१, नाव सांगत नाही. बी.कॉम., २००६ ते २००९ तीन वर्षं एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम, मग पहिलं बाळ, सासूबाईंचं आजारपण, दुसरं बाळ, आणि मधली पंधरा वर्षं गेली. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, दोन मिनिटं स्वतःबद्दल बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करू. ४० सेकंदांत संपलं. ‘मायसेल्फ अमुक, आय अ‍ॅम जस्ट हाउसवाइफ, आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन, आय वॉज डूइंग जॉब बट आफ्टर मॅरेज आय लेफ्ट, सॉरी माय इंग्लिश इज नॉट गुड.’ नीट ऐका. चुका आहेत, पण त्या मराठीच्याच सावल्या आहेत. ‘मला दोन मुलं आहेत’ मधल्या ‘आहेत’ची ‘हॅविंग’ होते, ‘मी तीन वर्षांपासून राहते’ची ‘आय अ‍ॅम लिव्हिंग सिन्स थ्री इयर्स’ होते. हे दोन आठवड्यांत सुटतं. पण ‘जस्ट’ आणि ‘सॉरी’ हे दोन शब्द व्याकरणाने बरोबर आहेत, आणि इंटरव्ह्यूत तेच जास्त नुकसान करतात. आणि हे दोन शब्द त्यांना असल्याच जाहिरातींनी शिकवले, दुसरं कोण.

मग आम्ही बसून चार वाक्यं बांधली. ‘आय वर्क्ड इन अ सीए’ज ऑफिस फॉर थ्री इयर्स. आय टुक अ ब्रेक इन २००९ टु लुक आफ्टर माय फॅमिली. फॉर द लास्ट सिक्स इयर्स आय हॅव केप्ट द अकाउंट्स ऑफ अवर हाउसिंग सोसायटी. आय अ‍ॅम लुकिंग फॉर अ‍ॅन अकाउंट्स जॉब अँड आय कॅन जॉइन फ्रॉम जुलै.’ एवढंच. ब्रेकसाठी एक वाक्य, माफी नाही, कारणांची यादी नाही. सोसायटीच्या हिशोबाचं तिसरं वाक्य त्यांनी स्वतः कधी सांगितलंच नसतं, मी विचारलं की दुपारी काय करता तेव्हा कळलं की ४८ फ्लॅटचा मेंटेनन्स, पावत्या, वर्षाचा ऑडिट सगळं त्याच बघतात, ‘पण त्याचे पैसे थोडी मिळतात मॅडम.’ घर चालवणं म्हणजे मॅनेजमेंट असं मोघम म्हणण्यापेक्षा ४८ फ्लॅटच्या पावत्या हा पुरावा आहे, तो समोरच्याला तपासता येतो. असं प्रत्येकीकडे काही ना काही निघतं, बचत गटाचं रजिस्टर, भिशीचा हिशोब, शिकवण्या, फक्त विचारावं लागतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. चौथ्या आठवड्यात आम्ही नोकरीची खोटी मुलाखत घेतो, मी विचारलं, ‘व्हॉट डू यू नो अबाउट जीएसटी?’ ताई गप्प. मला वाटलं इंग्रजीने अडलं, म्हणून मराठीत विचारलं, मराठीतपण गप्प. त्यांनी काम सोडलं तेव्हा व्हॅट होता. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्यांना येत होती ती जुनी टॅली, आता टॅली प्राइम आहे, त्यात मेनूच वेगळा. त्यांचा अडसर इंग्रजी नव्हताच, किंवा असला तर दोन नंबरचा. आणि त्या आल्या कुठे, तर इंग्रजीच्या क्लासला, कारण गावभर पाट्या इंग्रजीच्याच लागलेल्या. पोट दुखतंय अन् माणूस डोळ्याच्या दवाखान्यात बसलाय, कारण तोच बोर्ड मोठा होता.

मैत्रिणीला हा मुद्दा पटायला वेळ लागला, धंद्याच्या दृष्टीने तो अडचणीचा आहेच ना. पण मी म्हणते, परत कामावर यायला निघालेल्या बाईला जाहिरातीने पहिला प्रश्न हा विचारायला पाहिजे की ‘कोणतं काम?’ अकाउंट्स असेल तर आधी जीएसटी आणि टॅली, मग त्या कामापुरतं इंग्रजी. हॉस्पिटलचं रिसेप्शन असेल तर इंग्रजी कमी, कॉम्प्युटरवरचं बिलिंग आणि हिंदी जास्त. इंग्रजी मीडियमच्या शाळेत शिकवायचं असेल तर मात्र इंग्रजीच पहिलं, आणि डी.एड. किंवा बी.एड. नसेल तर मान्यता असलेल्या शाळेत कायमची नोकरी अवघड हेही तोंडावर सांगायचं. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत जायचं असेल तर ९० तासांत भागत नाही, ते वेगळं गणित आहे.

आणि कामापुरतं इंग्रजी किती छोटं असतं हे पाहिलं की ९० तासांचं कोडंही सुटतं. त्या ताईंनी आमच्या क्लाससोबतच दोन महिने जीएसटी-टॅलीचा वेगळा कोर्स केला, मग एका होलसेल औषधवाल्याकडे इंटरव्ह्यूला गेल्या. मालक पूर्ण वेळ हिंदीत बोलला! ‘कब से आ सकते हो’ पर्यंत सगळं हिंदी. त्यांनी बांधलेली चार वाक्यंसुद्धा हिंदीतच सांगितली, आणि ती तिथेही चालली. इंग्रजी लागलं ते नोकरी लागल्यावर, दोनच जागी. एक ईमेल, दुसरं पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचा फोन.

फोन ही स्पोकन क्लासवाल्यांनी पार दुर्लक्षित केलेली गोष्ट. समोर तोंड दिसत नाही, हातवारे नाहीत, आणि पलीकडचा घाईत. त्यांना पहिल्या आठवड्यात काय आलं? पार्टीचा जीएसटी नंबर फोनवर सांगा. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग दहा अक्षरांचा पॅन, मग एक आकडा, मग बहुतेक वेळा झेड, मग शेवटचं एक तपासणीचं. आता फोनवर बी, डी, पी, टी, व्ही सगळे सारखेच ऐकू येतात, एम आणि एन तर विचारूच नका. एक अक्षर चुकलं की बिल चुकतं, समोरच्याचं टॅक्सचं क्रेडिट अडकतं, आणि बोलणी कोणाला बसतात ते माहितीच आहे. म्हणून आम्ही आता क्लासमध्ये एक अख्खा आठवडा हेच करतो. दोघी पाठीला पाठ लावून बसतात, एक नंबर वाचते, ‘टू सेव्हन, ए फॉर आग्रा, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’, दुसरी लिहिते आणि परत वाचून दाखवते. कळलं की नाही हे तपासायला शिक्षक लागत नाही, कागदावरचे १५ जुळले तर कळलं. पहिल्या दिवशी दहातले तीन-चार नंबर बरोबर येतात, पाचव्या दिवशी बहुतेकींचे नऊ. आणि सोबत पाचच वाक्यं. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’, ‘डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?’, ‘लेट मी रीड इट बॅक’, ‘आय विल चेक अँड कॉल यू बाय फोर’, ‘प्लीज मेल मी द डिटेल्स’. यातली तीन तर समजलं नाही हे सांगायचीच वाक्यं आहेत. ज्या बाईला ‘मला कळलं नाही, परत सांगा’ हे न घाबरता म्हणता येतं तिचं निम्मं काम झालं, फाडफाड बोलणारी बाई बरेचदा न समजता ‘येस येस’ म्हणते अन् चुकीचं बिल पाठवते.

फिफ्टीन आणि फिफ्टीची तर वेगळीच मजा. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला त्याने शब्द बदलत नाही म्हणून आपण दोन्ही सारखेच म्हणतो. इंग्रजीत ‘फिफ्टी’चा जोर सुरुवातीच्या ‘फिफ्’वर आणि ‘फिफ्टीन’ एकटा म्हटला की शेवटच्या ‘टीन’वर, तोही लांब. उच्चाराचं एवढं एक शिकलं तरी कामात पैशांचा फरक पडतो. ते अमेरिकन अ‍ॅक्सेंट वगैरेचे पैसे वाचवा.

मैत्रीण म्हणाली, हे सगळं खरं आहे पण फोन करणारी बाई दोनच गोष्टी विचारते, फी किती अन् किती दिवसांत येईल. भीती दाखवली की जाहिरात चालते, हे तिचं म्हणणं खोटं नाही, त्या गुलाबी कागदावर फोन आलेच. पण पुढे काय होतं हेही आम्ही दोघींनी पाहिलंय. लाज दाखवून आणलेली बाई दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात बसते, कारण क्लासमध्ये चुकणं म्हणजे त्या जाहिरातीतली डावीकडची बाई आपणच हे सिद्ध होणं. बोलायच्या क्लासमध्ये चुकायला घाबरणारी बाई आली तर तिला शिकवायचं कसं? जाहिरात आणि क्लास वेगळे नाहीत, पहिला धडा पॅम्प्लेटवरच सुरू होतो.

आणि ती १०० टक्के हमी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये खोट्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये खास कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्या त्यात निवडीची, नोकरीची असली हमी द्यायची नाही असं स्पष्ट आहे. गल्लीतल्या क्लासला कोण विचारतो म्हणाल तर ठीक, पण विचारायचा हक्क तुमचा आहे, हमी लिहिली असेल तर लेखी मागा, चेहरे बघण्यासारखे होतात.

काही जण म्हणतील, महाराष्ट्रात राहून इंग्रजी कशाला, मराठीत व्यवहार करा की. मला पटतं. औषधवाल्याच्या मालकानेही हेच केलं असतं, जर कंपन्यांची बिलं मराठीत आली असती. तोपर्यंत त्या ताईंनी कामासाठी थांबायचं का, एवढं सांगा.

तर मी लिहिलेली जाहिरात ही अशी, फोटो नाही, बाण नाही:

‘अकाउंट्स, रिसेप्शन किंवा शाळेत पूर्वी काम केलंय आणि परत सुरू करायचंय? त्या कामात लागेल तेवढं बोलायचं इंग्रजी. फोन, ईमेल, इंटरव्ह्यू. १२ आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहा ते बारा, मुलं शाळेतून यायच्या आत. एका बॅचमध्ये आठ जणी, प्रत्येकीला रोज अर्धा तास बोलायला. फी ६००० रुपये, दोन हप्त्यांत, पहिल्या आठवड्यात सोडलं तर हप्ता परत. प्रवेशाआधी दहा मिनिटं भेटा, तुम्हाला इंग्रजी हवं आहे की दुसरं काही, ते आधी पाहू. नोकरी आम्ही लावून देत नाही. बॅच शाळा उघडल्यावर, जुलैच्या पहिल्या सोमवारी.’

जुलै का, तर विदर्भातल्या शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधी मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात कोणती बाई घराबाहेर पडते. हे बाकीच्या क्लासवाल्यांना दरवर्षी नव्याने कळतं.

मैत्रिणीने सगळं ठेवलं, दोन वाक्यं सोडून. ‘तुम्हाला इंग्रजी हवं आहे की दुसरं काही’ ती म्हणाली की हे म्हणजे आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवणं आहे. आणि ‘नोकरी आम्ही लावून देत नाही’ हे तिने छोट्या अक्षरात तळाशी नेलं. पहिल्यावर मी ऐकलं, कारण ते दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी सांगता येतं आणि मी सांगतेच, या बॅचला आलेल्या अकरा जणींपैकी तिघींना मी आधी कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवलं, मैत्रीण दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. दुसऱ्या वाक्यावर आमचं अजून चालू आहे. ऑक्टोबरच्या पॅम्प्लेटचं प्रूफ काल आलं, ते वाक्य परत तळाशीच आहे, मी पेनने गोल करून बाण वर काढलाय.